सॅडल टाका: बॅगेचा चामडी पट्टा हाताने शिवताना भोकं सारखी कशी पाडायची

माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण आपला पहिला पट्टा घेऊन येतात तेव्हा तक्रार एकच असते: टाके वाकडे येतात. दोरा बदलून पाहिला, सुई बदलून पाहिली, तरी वाकडेच येतात. पट्टा उलटा करून पाहिला की कारण समोर असतं. शिवण बिघडलेली नसते, भोकं बिघडलेली असतात. समोरची रेघ सरळ असते आणि मागची रेघ कुठे कडेला चिकटलेली, कुठे आत गेलेली असते. अशा भोकांत कुणीही शिवलं तरी टाके वाकडेच येणार.

सॅडल टाका म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून, त्या दोन्ही प्रत्येक भोकातून नेत घातलेला टाका. तो सरळ येणं भोकांवर अवलंबून असतं, म्हणून या लेखात शिवणीपेक्षा जास्त जागा भोकांना दिली आहे. उदाहरण म्हणून खांद्याला अडकवायच्या बॅगेचा पट्टा घेऊ: २५ मिमी रुंद, चामड्याचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले, एकूण जाडी साडेतीन मिमी, आणि दोन्ही लांब कडांना टाके. कड्या अडकवायला दुमडलेली टोकं सोडली, तर शिवणीची प्रत्येक रेघ ९६२ मिमी आहे. शेवटी कमरेच्या पट्ट्यात, बकलापाशी काय वेगळं करावं लागतं तेही सांगितलं आहे.

आधी क्रम पाठ करा

चिकटवणे, रुंदीला कापणे, कड घासणे, रेघ आखणे, भोकं पाडणे, शिवणे, टाके ठोकणे, कड गुळगुळीत करणे. यातला "कड घासणे" हा टप्पा बहुतेक लोक शिवून झाल्यावर करतात आणि तिथेच फसतात. शिवणीची रेघ कडेपासून मोजून आखली जाते. कड खडबडीत असेल तर रेघही तशीच खडबडीत येते. शिवून झाल्यावर कड घासली, तर जिथे जास्त घासली तिथे टाके कडेच्या जवळ सरकल्यासारखे दिसतात. घासायचं काम आधी. शिवल्यानंतर फक्त कडेच्या धारा गोल करायच्या आणि चकाकी आणायची.

१. सामान

दातेरी पंच हे यातलं मुख्य हत्यार. बाजारात तो "स्टिचिंग चिझल" या नावाने मिळतो. दोन पंच लागतात: सहा किंवा दहा दात्यांचा एक आणि दोन दात्यांचा एक. दोन्हींच्या दात्यांमधलं अंतर ४ मिमी असावं आणि दोन्ही एकाच संचातले असावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे ४ मिमी एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा, ०.८ मिमी जाडीचा. ४ मिमीच्या टाक्याला तो बरोबर बसतो. १ मिमीचा दोरा घेतला की टाके फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा तिरकेपणा दिसेनासा होतो.

सुया दोन, आणि दोन्ही बोथट टोकाच्या. टोकदार सुई भोकात आधीपासून असलेल्या दोऱ्यात घुसते, आणि तो दोरा नंतर ओढला जात नाही. बोथट सुई मिळाली नाही तर साध्या जाड सुईचं टोक सँडपेपरवर घासून बोथट करा. भोक पंचाने पाडलेलं असतं, त्यामुळे सुईला टोचायचं काम उरतच नाही.

आरी चौकट पात्याची हवी, म्हणजे जिचं पातं कापून पाहिलं तर पत्त्यातल्या चौकटीसारखं दिसेल अशी. रस्त्यावर चपला शिवणाऱ्या कारागिराकडे पुढे आकडा असलेली आरी असते. ती दोऱ्याचा फास वर ओढून घेते. तो टाका वेगळा आणि त्याची पद्धतही वेगळी. सॅडल टाक्यात आकड्याने दोरा फाटतो.

याशिवाय लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा, पोलादी पट्टी, धारदार सुरी, दोन टोकांचा कंपास आणि चामडं धरायला लाकडी चिमटा लागेल. चिमटा नसेल तर प्लायवुडच्या दोन पट्ट्यांना आतून चामडं चिकटवा, खालची टोकं बिजागरीने जोडा आणि गुडघ्यांत धरा. चिमटा नाहीच असं करू नका. दोन्ही हातांत सुया असताना पट्टा धरायला तिसरा हात नसतो, आणि तो मांडीवर हलत राहिला की प्रत्येक टाक्याचा ताण वेगळा पडतो.

२. चामडं निवडणं आणि चिकटवणं

पट्ट्यासाठी चामडं पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने लांब कापावं. पोटाकडचं चामडं सैल असतं. त्यातून कापलेला पट्टा महिनाभरात लांबतो आणि टाके आखडल्यासारखे दिसतात. विकत घेताना पट्टीसारखा भाग दोन्ही हातांत धरून जोरात ओढून पाहा. स्पष्ट लांबतो असं वाटलं तर तो पट्ट्यासाठी नाही.

शक्यतो झाडाची साल, हिरडा यांसारख्या वस्तूंनी कमावलेलं, म्हणजे दुकानदार ज्याला "व्हेज टॅन" म्हणतात ते चामडं घ्या. त्याची कड पाण्याने घासून चकाकते आणि पंचाचं भोक त्यात आकार धरून राहतं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक असतं. त्यात भोक लगेच मिटतं आणि कड घासून चकाकत नाही, तिला रंगच द्यावा लागतो.

दोन थर आधीच २५ मिमीला कापून मग चिकटवू नका. हाताने लावताना ते अर्धा मिमी तरी सरकतातच. वरचा थर ३० मिमीचा आणि खालचाही ३० मिमीचा कापा. दोन्हींच्या खडबडीत बाजूंना कॉन्टॅक्ट डिंक पातळ लावा. खिडकी उघडी ठेवा, त्याच्या वाफा डोक्यात जातात. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावल्यावर डिंक चिकट लागला पण बोटावर आला नाही, की थर एकत्र दाबा आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोका. रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी पोलादी पट्टी ठेवून दोन्ही थर एकदम २५ मिमीला कापा. सुरी उभी धरा. ती आत किंवा बाहेर झुकली तर वरचा थर २५ मिमीचा आणि खालचा २४ किंवा २६ मिमीचा होतो, आणि तो फरक थेट भोकांत उतरतो.

तपासा: पट्टा कडेवर उभा धरून त्याच्याकडे टोकापासून पाहा. दोन्ही थर एका भिंतीसारखे दिसले पाहिजेत. पायरी दिसली तर २२० नंबरच्या सँडपेपरने, लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून, कड सपाट करा. सँडपेपर नुसता बोटांत धरून घासला तर कड मध्ये फुगीर होते.

३. रेघ आखणं

रेघ कडेपासून किती आत असावी? आपल्या साडेतीन मिमी जाडीच्या पट्ट्याला ४ मिमी आत ठेवा. त्यापेक्षा कडेजवळ गेलात तर भोक आणि कड यांच्यामध्ये चामडं फार कमी उरतं. फार आत गेलात तर कडेकडचे दोन थर वापरात उघडे पडू लागतात.

कंपास ४ मिमीवर बसवा. एक टोक कडेला लावून धरा, दुसरं चामड्यावर हलकेच ओढा. रेघ कापायची नाही, फक्त तिचा ओरखडा हवा. कंपास तिरका झाला तर अंतर कमी होतं, म्हणून तो पट्ट्याला काटकोनात धरून एका दमात टोकापर्यंत न्या. मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं तर तिथे रेघेला गाठ पडल्यासारखी वाकण येते.

पेनाने रेघ मारू नका. पेनाची शाई चामड्यात शिरते आणि टाक्यांच्या मधून दिसत राहते.

मग दोन्ही रेघांवर, गुण्याने, प्रत्येक १० सेंटीमीटरवर आडवी बारीक खूण करा. ती कशाला, ते पुढे कळेल.

४. पंच मोजणं: हा टप्पा बहुतेक जण करतच नाहीत

पंचावर ४ मिमी लिहिलेलं असतं म्हणून टाका ४ मिमीचाच पडेल असं धरू नका. तुमच्याच हातून, तुमच्याच चामड्यावर काय पडतं ते मोजा.

त्याच चामड्याच्या तुकड्यावर एक रेघ आखा. सहा दात्यांचा पंच ठोका. पुढच्या वेळी त्याचा पहिला दाता आधीच्या शेवटच्या भोकात ठेवा आणि पुन्हा ठोका. असं करत एकवीस भोकं पाडा, म्हणजे वीस टाके. पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजा.

माझ्या एका पंचाने वीस टाके ७९ मिमीत बसतात, ८० मध्ये नाही. म्हणजे माझा टाका ३.९५ मिमी. फरक क्षुल्लक वाटतो, पण आपल्या रेघेवर दोनशे चाळीस टाके पडतात आणि तेव्हा हा फरक १२ मिमीचा होतो. ४ मिमी धरून हिशोब केला असता, तर शेवटी तीन टाक्यांची जागा रिकामी राहिली असती.

आता खरा हिशोब: ९६२ भागिले ३.९५ म्हणजे २४३ आणि वर अर्धा टाका. अर्धा टाका आपल्याला नको. २४३ टाक्यांना ९५९.८ मिमी लागतात, उरतात २.२ मिमी. ते शेवटच्या दहा टाक्यांत वाटून टाकायचे, म्हणजे ते टाके ३.९५ ऐवजी साधारण ४.१७ मिमीचे होतील. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. पण हेच २.२ मिमी एकाच टाक्यात घातले, तर तो टाका सगळ्यात आधी दिसतो.

उरलेलं अंतर अर्ध्या टाक्यापेक्षा बरंच जास्त असेल तर एक टाका वाढवा आणि शेवटचे दहा किंचित जवळजवळ घ्या. कसंही केलं तरी हिशोब भोकं पाडायच्या आधी झाला पाहिजे. शेवटची वीस भोकं उरल्यावर कळून उपयोग नाही, कारण वाटायला जागा उरलेली नसते.

५. भोकं पाडणं

पट्ट्याखाली जाड प्लास्टिकचा कापायचा बोर्ड किंवा टणक रबर ठेवा, आणि त्याखाली फरशी किंवा दगडासारखं घट्ट काहीतरी. पोकळ टेबलावर ठोकलं तर ठोका उसळतो, पंच हलतो आणि एकेका ठिकाणी दोनदा ठोकावं लागतं.

पहिलं भोक रेघेच्या सुरुवातीला बसेल असा पंच ठेवा. ठोकण्याआधी नुसता दाबा, म्हणजे दात्यांच्या फक्त खुणा उमटतील. त्या रेघेवर आहेत का ते पाहा. मग पंच पुन्हा त्याच खुणांत ठेवून ठोका. ही दाबून पाहण्याची सवय वेळ खाते, पण चुकीचं भोक बुजवता येत नाही आणि खूण पुसता येते: किंचित ओलं बोट फिरवलं की जाते.

पंच उभा आहे की नाही हे एका बाजूने पाहून कळत नाही. समोरून, म्हणजे रेघेच्या दिशेने पाहा. पंच कडेकडे किंवा आत झुकला असेल तर ते तिथूनच दिसतं. साडेतीन मिमी जाडीत पंच पाच अंश झुकला, तर मागच्या बाजूला भोक ०.३ मिमी सरकतं. दहा अंश झुकला तर ०.६ मिमी. आणि प्रत्येक वेळी वेगळा झुकला, तर मागची रेघ नागमोडी होते. माझ्या पहिल्या पट्ट्यात हेच झालं होतं. पुढून बघणारे कौतुक करत होते आणि मागच्या बाजूला दोन ठिकाणी टाके कडेपासून जेमतेम अडीच मिमीवर होते. त्यातल्या एका जागी काही महिन्यांनी कड फाटली.

सोपा उपाय असा: बोर्डावर पंचाच्या बाजूला एक छोटा गुण्याचा ठोकळा उभा ठेवा आणि पंच त्याला समांतर आहे ना ते पाहून ठोका. वीस-तीस ठोक्यांनंतर हाताला सवय होते आणि ठोकळा लागत नाही.

ठोका एक किंवा दोन, पण सरळ आणि पुरता. मागच्या बाजूला दात्यांची टोकं १ ते २ मिमी बाहेर आली पाहिजेत. टोकं बाहेर आली नाहीत तर मागची भोकं बारीक राहतात, सुई अडकते आणि पक्कड घ्यावी लागते. फारच खोल ठोकलं तर दात्यांचा वरचा जाड भाग चामड्यात शिरतो आणि पुढची भोकं मोठी होतात. चामडं बारीक-जाड असेल तर ठोक्याची ताकद त्याप्रमाणे बदला, आणि दर दोन-तीन ठोक्यांनी पट्टा उलटून पाहा.

पंच काढताना आडवा हलवू नका. दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी चामडं खाली दाबून धरा आणि पंच सरळ वर ओढा, अगदीच अडला तर रेघेच्या दिशेने किंचित डोलवा. दाते मधूनमधून मेणाच्या गोळ्यात खुपसले की सहज सुटतात.

पुढची जागा घेताना पहिला दाता शेवटच्या भोकात ठेवा. त्या भोकावर पुन्हा जोर द्यायचा नाही, तो फक्त अंतरासाठी आहे. दोन-दोन दाते आधीच्या भोकांत घातले तर रेघ आणखी सरळ राहते. मी पहिल्या पट्ट्याला तसंच करायला सांगतो.

तपासा: प्रत्येक १० सेंटीमीटरच्या खुणेशी भोकांचा मेळ पाहा. माझ्या पंचाने १० सेंटीमीटरमध्ये सव्वापंचवीस टाके पडायला हवेत. पंचवीस किंवा सव्वीस आले तर ठीक. एका खुणेवर चोवीस आले तर तिथे पंच आधीच्या भोकात नीट बसला नाही. ही चूक लगेच सापडली तर पुढच्या चार-पाच टाक्यांत ती भरून काढता येते.

दुसऱ्या कडेलाही त्याच टोकापासून सुरुवात करा. दोन्ही बाजूंच्या भोकांची तुलना आडव्या खुणांवर होते. समोरासमोरची भोकं एकाच रेषेत असली की पट्टा बघणाऱ्याला नीटस का वाटतो हे सांगता येत नाही, पण वाटतो.

शेवटच्या दहा टाक्यांना मोठा पंच बाजूला ठेवा. कंपास ४.१७ मिमीवर, म्हणजे ४ मिमीपेक्षा अगदी थोडा जास्त उघडा आणि खुणा करून घ्या. दोन दात्यांच्या पंचाचा एक दाता आधीच्या भोकात ठेवून दुसरा खुणेवर बसवला तर तो आपल्याच अंतराने पडेल. म्हणून इथे एकेका खुणेवर फक्त एकच दाता टेकवा, किंवा आरीने भोक करा.

तिरकेपणाची एक गोष्ट: दात्यांची भोकं "/" अशी तिरकी असतात. पंच उलटा धरला तरी ती "/" अशीच पडतात. पण पट्टा उलटा करून मागून ठोकलं, तर पुढे "\" असा तिरकेपणा येतो. म्हणून दोन्ही कडांची सगळी भोकं पुढच्या बाजूनेच पाडा. एक कड पुढून आणि एक मागून केली, तर दोन्ही शिवणी एकमेकींच्या विरुद्ध झुकलेल्या दिसतील आणि त्याला मग उपाय नाही.

६. दोरा मोजणं आणि ओवणं

सॅडल टाक्यात दोरा एकच असतो, त्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून जातात. एका टाक्यात प्रत्येक सुईचा दोरा पृष्ठभागावर ४ मिमी आणि जाडीतून साडेतीन मिमी जातो, म्हणजे साडेसात. दोन सुयांचे मिळून पंधरा. म्हणून शिवणीच्या लांबीच्या पावणेचारपट दोरा लागतो. चारपट धरा आणि सुयांपाशी हाताळायला वर ६० सेंटीमीटर.

संपूर्ण ९६ सेंटीमीटर एका दोऱ्यात शिवायला साडेचार मीटर दोरा लागेल. शिकणाऱ्याने ते करू नये. प्रत्येक टाक्याला दोन मीटर दोरा ओढून काढावा लागतो, तो भोकांत घासून मेण जातं, पिळतो आणि शेवटी केसाळ होतो. अर्धी अर्धी लांबी घ्या: सुमारे ४८ सेंटीमीटरसाठी अडीच मीटर दोरा.

सुईत दोरा नुसता ओवून चालत नाही, तो निसटतो. दोरा सुईच्या नेढ्यातून ८-१० सेंटीमीटर पुढे काढा. मग सुईचं टोक त्याच पुढे आलेल्या दोऱ्यातून आरपार दोनदा टोचा, दोन टोचण्यांत एक सेंटीमीटर अंतर ठेवून. दोऱ्याचे ते वेढे सुईवरून नेढ्याकडे सरकवा आणि लांब टोक ओढा. नेढ्यामागे दोरा स्वतःतच अडकतो आणि गाठ न मारता घट्ट बसतो.

७. शिवणं

पट्टा चिमट्यात धरा, शिवायची कड वर आणि पुढची बाजू उजवीकडे. सुरुवात दूरच्या टोकाकडून, शिवत आपल्याकडे यायचं.

दूरच्या टोकाकडून तिसऱ्या भोकातून एक सुई घालून दोरा दोन्ही बाजूंना सारखा करा. आधी दोन टाके मागे, म्हणजे दूरच्या टोकाकडे, घाला. मग परत फिरून त्याच भोकांतून आपल्याकडे शिवत या. सुरुवातीचे दोन टाके दुहेरी होतात आणि उसवत नाहीत.

आता एक टाका, सावकाश. डावी सुई पुढच्या भोकातून उजवीकडे काढा. ती निम्मी बाहेर आली की उजव्या सुईला तिच्या मागे आडवी धरून दोन्ही एका हातात घ्या आणि डाव्या सुईचा दोरा पुरा ओढून काढा. मग तो दोरा आपल्याकडे आणि खाली ओढून धरा, म्हणजे तो भोकाच्या खालच्या टोकाला बसतो आणि वर जागा होते. त्या वरच्या जागेतून, दोऱ्याच्या पलीकडून, उजवी सुई डावीकडे घाला.

थांबा आणि तपासा: उजवी सुई भोकात असतानाच पहिला दोरा थोडा पुढेमागे ओढून पाहा. तो हलला तर ठीक. अडकला तर सुई दोऱ्यातून आरपार गेली आहे. तिला मागे काढा आणि पुन्हा घाला. हे न तपासता ओढलं तर तो टाका घट्ट होणार नाही, आणि पुढे उसवायची वेळ आली तर दोरा कापावा लागेल.

मग दोन्ही दोरे एकदम ओढा. उजवा थोडा खाली, डावा थोडा वर, म्हणजे प्रत्येक दोरा तिरक्या भोकात आपापल्या टोकाला बसतो. ओढण्याची ताकद इतकीच की दोरा चामड्याला टेकेल आणि किंचित रुतेल. चामडं सुरकुतलं किंवा कड लाटेसारखी झाली तर ताण जास्त झाला.

एवढंच, दोनशे वेळा. यात जी चूक सगळ्यात जास्त होते ती क्रमाची. दहा टाके डावी सुई आधी घातली, फोन आला, परत आलात आणि अकरावा टाका उजव्या सुईने सुरू केला, किंवा सुई दोऱ्याच्या पलीकडून घालायच्या ऐवजी अलीकडून घातली. तिथे टाका एकदम सरळ पडतो. पट्टा चार हात लांब धरला तरी तो एक टाका दिसतो. उठण्याआधी टाका पूर्ण करूनच उठा, आणि परत बसल्यावर आधीचे तीन टाके बघूनच पुढची सुई उचला.

खरा पट्टा घेण्याआधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर तीस टाके घाला. तुमच्या पंचाचा तिरकेपणा उलटा असेल, तर मी सांगितलेल्या जागेच्या विरुद्ध बाजूने सुई घालून टाके जास्त ठळक तिरके येतील. जी पद्धत तुकड्यावर छान आली, तीच शेवटपर्यंत.

सुई अडली तर पक्कडीने ओढायच्या आधी आरीने तेच भोक किंचित मोकळं करा. आरीचं पातं भोकाच्याच तिरकेपणात धरा. आडवी धरली तर भोक चौकोनी होतं आणि त्या ठिकाणी टाका सैल बसतो.

८. मध्ये दोरा संपला तर

दोन्ही सुयांना १५ सेंटीमीटर उरलं की थांबा. उजव्या सुईचा दोरा पुढच्या एका भोकातून मागे काढा, म्हणजे दोन्ही टोकं मागच्या बाजूला येतात. नवा दोरा दोन भोकं मागे सुरू करा आणि ते दोन टाके जुन्या टाक्यांवरूनच घाला. जुनी टोकं मग २ मिमी ठेवून कापा, लायटरची ज्योत क्षणभर जवळ न्या आणि वितळलेलं टोक सुरीच्या सपाट बाजूने दाबा. ज्योत चामड्याला लागू देऊ नका, चामडं आखडतं आणि काळं पडतं. ताग किंवा सुती दोरा वितळत नाही, तो जवळून कापून डिंकाचा ठिपका लावा.

जोड दुसऱ्या कडेवरच्या जोडासमोर येऊ देऊ नका. एका कडेला मध्याच्या जरा आधी, दुसरीला जरा नंतर. दोन्ही एकाच जागी आले तर पट्टा तिथे हाताला जाड लागतो.

शेवटीही तसंच: दोन टाके उलटे घाला, टोकं मागे काढा, कापा, वितळवा.

९. शिवल्यानंतर

गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने टाके हलकेच ठोका, पुढून आणि मागून. भोकं मिटतात आणि टाके एका पातळीत येतात. मग धार काढायच्या छोट्या हत्याराने किंवा बारीक सँडपेपरने चारही धारा गोल करा, कडेला पाणी लावून जाड कापडाने जोरात घासा. व्हेज टॅन चामडं असेल तर पाच मिनिटांत कड चकाकू लागते. पाण्यात जरा बाभळीचा डिंक विरघळवला तर चकाकी टिकते. जास्त झाला तर कड वाळून तडकते, म्हणून पातळच.

१०. कमरेच्या पट्ट्याचं बकलाचं टोक

इथे गणित बदलतं. पट्टा एकच थर असतो, पण बकलापाशी दुमडल्यावर साडेतीन मिमीचे दोन थर म्हणजे सात मिमी होतात. दुमडून मागे येणारा भाग आधी सुरीने निम्म्या जाडीपर्यंत छिलून घ्या. नाहीतर पट्टा कमरेला तिथे टोचतो आणि पँटच्या लूपमधून जात नाही. छिलल्यावर तिथली जाडी सव्वापाच मिमी उरते.

सव्वापाच मिमीतूनही पंच सरळ जाणं कठीण असतं. तोच दहा अंशांचा झुकाव इथे मागे जवळजवळ एक मिमीने दिसतो. म्हणून पंचाने पुढच्या थरातच भोकं करा, आणि चिमट्यात उभं धरून प्रत्येक भोक आरीने आरपार न्या. आरी चामड्याला काटकोनात, आणि दोन-चार भोकांनंतर मागे कुठे निघते ते पाहत राहा. मागे एक रेघ आधीच आखून ठेवली असेल, तर आरीचं टोक तिच्यावर आलं पाहिजे.

दोऱ्याचा हिशोबही नव्याने करा. चार अधिक सव्वापाच म्हणजे सव्वानऊ मिमी, दोन सुयांचे साडेअठरा, चार मिमीच्या टाक्याला जवळजवळ पावणेपाचपट. बकलाच्या टोकाला शिवण जेमतेम ५ सेंटीमीटर असते, म्हणून लोक अंदाजे दोरा कापतात आणि शेवटच्या दोन टाक्यांना सुई बोटांत मावत नाही. पावणेपाचपट आणि वर ६० सेंटीमीटर, म्हणजे ८५ सेंटीमीटर दोरा कापा.

आणि बकलाच्या अगदी शेजारचा टाका दुहेरी घाला. तिथे पट्टा दररोज ओढला जातो, आणि दोरा पहिल्यांदा तिथेच झिजतो. सॅडल टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा त्याच भोकांतून गेलेला असतो, त्यामुळे शिवण लगेच उघडत नाही, पण तुटलेलं टोक दिसलं की तेवढे पाच-सहा टाके नव्याने घालून घ्या.